टोनीचा 'प' आणि सेपीरचा कान

'जग' हा शब्द आपण दोन तऱ्हांनी उच्चारतो. 'जग मोठे आहे' म्हणताना त्यातला ज तालव्य असतो. 'सुखाने जग' म्हणताना तो दंत्य असतो. लिपीत अक्षर एकच, पण ध्वनी पालटला की अर्थ पालटतो. अशा जोडीला लघुतम युग्म म्हणतात. ती सापडली, की ते दोन ध्वनी त्या भाषेचे स्वतंत्र स्वनिम ठरतात.

पण अशी जोडी सापडलीच नाही तर? या प्रश्नाचे एक उत्तर १९१० साली फिलाडेल्फियात मिळाले. एडवर्ड सेपीर हा तरुण पंडित दक्षिण पायूट या आदिवासी भाषेचा अभ्यास करीत होता. टोनी टिलोहॅश नावाचा पायूट तरुण त्याला शब्द सांगे. टोनीला स्वतःची भाषा लिहिता यावी म्हणून सेपीरने त्याला 'पाण्यापाशी' या अर्थाचा एक शब्द तोडून लिहावयास सांगितला. सेपीरच्या कानाला त्यात आरंभी प ऐकू येई. मध्ये मात्र ओठ पुरते न मिटता निघणारा, व-सारखा घोष ध्वनी. टोनीने दोन्ही ठिकाणी प लिहिला. तोडून म्हणतानाही तो 'पा... पा' असेच म्हणाला!

सेपीर चकित झाला, पण चूक टोनीची नव्हती. 'पाशी' या अर्थाचा पायूट प्रत्यय मुळात प-ने सुरू होतो. शब्दात तो स्वरानंतर आला, की त्या प-ला घर्षक रूप मिळते. शब्दारंभी घर्षक येत नाही आणि ज्या जागी तो येतो तिथे साधा, एकेरी प येत नाही. जागा वाटून घेतलेली अशी रूपे म्हणजे एकाच स्वनिमाची उपस्वने. टोनीच्या मनात एकच प होता. १९३३ साली सेपीरने स्वनिमांच्या मानसिक सत्यतेवर निबंध लिहिला, त्यात हा प्रसंग पुरावा म्हणून मांडला.

आपणही 'माझा' म्हणताना दंत्य झ आणि 'माझी' म्हणताना तालव्य झ उच्चारतो आणि तो फरक आपल्या ध्यानीही येत नाही. तिथे तो पुढच्या ई-मुळे आपोआप घडतो. 'जग'मध्ये त्याच जातीचा फरक अर्थ ठरवतो, कारण तिथे दोन्ही ध्वनींपुढे तोच अ आहे.

मात्र जागांची वाटणी एवढ्यानेच निकाल लागत नाही. इंग्रजीत ह स्वरापूर्वीच येतो, तर 'किंग'च्या अखेरचा अनुनासिक शब्दारंभी कधीच येत नाही. दोघांची एका जागी गाठ पडत नाही, तरी त्यांना कोणी एका स्वनिमाची रूपे मानीत नाही. त्यांच्या उच्चारांत साम्यच नाही. म्हणून अभ्यासक आधी युग्म शोधतो, ते न मिळाल्यास प्रत्येक ध्वनीच्या जागा मांडतो, मग उच्चारांतले साम्य पाहतो. आणि शेवटी, सेपीरप्रमाणे, बोलणाऱ्याचे ऐकतो.