बीसीडी बेरीज

बीसीडी बेरीज म्हणजे दशमान संख्येचा प्रत्येक अंक चार द्विमान बिटांत स्वतंत्रपणे लिहून केलेली बेरीज होय. या पद्धतीत ३८ ही संख्या ००११ १००० अशी लिहिली जाते. चार बिटांच्या गटास 'निबल' म्हणतात.

निबलात ० ते १५ अशी सोळा मूल्ये मावतात. बीसीडीत मात्र पहिली दहाच ग्राह्य आहेत. द्विमान बेरजेत हातचा सोळाला जातो, तर दशमान बेरजेत तो दहाला जावयास हवा. हा सहाचा फरक भरून काढण्यासाठी अंकांची बेरीज नऊपेक्षा अधिक झाल्यास त्या निबलात सहा, म्हणजे ०११०, मिळवतात. उदाहरणार्थ, ७ + ५ चे उत्तर ११०० येते. त्यात ०११० मिळवल्यावर हातचा १ जाऊन ००१० उरतात, म्हणजेच १२.

नऊपेक्षा मोठा निबल दिसला तरच सहा मिळवायचे, असा समज विद्यार्थ्यांत वारंवार आढळतो. तो अपुरा आहे. ३८ + ४९ ही बेरीज पाहावी.

```
  0011 1000   (38)
+ 0100 1001   (49)
  ---------
  1000 0001   (81)
+ 0000 0110
  ---------
  1000 0111   (87)
```

पहिल्या बेरजेतील ८१ मध्ये दोन्ही अंक वैध दिसतात, तरीही उत्तर चुकीचे आहे. ८ आणि ९ यांची बेरीज १७ होते; त्यांतले सोळा हातच्यात निघून गेले व मागे केवळ १ राहिला. म्हणून निबल नऊपेक्षा मोठा असो वा त्यातून हातचा गेलेला असो, दोन्ही प्रसंगी दुरुस्ती आवश्यक ठरते. हातचा आधीच गेला असेल, तर सहा मिळवल्याने दुसरा हातचा निर्माण होत नाही. मागून आलेला हातचा धरूनही दोन अंकांची बेरीज १९ पेक्षा अधिक होत नाही, त्यामुळे निबलात फार तर ३ उरतात आणि दुरुस्तीनंतर ९.

दुरुस्ती उजवीकडून डावीकडे करावी लागते. ५७ + ४५ मध्ये प्रथम १००१ ११०० मिळते. डावा निबल ९ असल्याने तो निर्दोष वाटतो. परंतु उजव्या निबलात सहा मिळवताच तेथून हातचा येतो आणि डावा निबल १०१० होतो. आता त्यातही सहा मिळवले की हातचा १ आणि ०००० ००१०, म्हणजे १०२, हे खरे उत्तर मिळते.

इंटेलच्या ८०८५ या मायक्रोप्रोसेसरमध्ये हे काम `DAA` ही आज्ञा करते. खालच्या निबलातून गेलेला हातचा `AC` या फ्लॅगमध्ये नोंदवलेला असतो. म्हणूनच वरील ८१ सारख्या फसव्या उत्तराची दुरुस्तीही तिला करता येते.

```
MVI A,38H
ADI 49H
DAA
```

शेवटी ॲक्युम्युलेटरमध्ये `87H` मिळते. ही आज्ञा बेरजेच्या लगेच पुढे असावी. मध्ये फ्लॅग बदलणारी दुसरी आज्ञा आल्यास हातच्याची नोंद पुसली जाते. ८०८५ मध्ये वजाबाकीनंतर ती उपयोगी पडत नाही. झायलॉगच्या झेड-८० मध्ये मात्र आधीची क्रिया बेरीज होती की वजाबाकी, हे सांगणारा वेगळा फ्लॅग आहे, त्यामुळे तेथे `DAA` दोन्हींनंतर वापरता येते.