बझ आणि हिस : व्होकोडरमधून शब्द कसा वाचतो

मागच्या वेळी आपण टेपचा वेग बदलून आवाजाचं रूप कसं पालटत गेलं ते पाहिलं. आज व्होकोडर. यंत्र बोलतंय किंवा गातंय असं वाटायला लावणारा हा आवाज आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. पण आज एकच प्रश्न धरून पुढे जाऊ: असा आवाज करताना शब्द कळायचा असेल, तर नेमकं काय जपावं लागतं? या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी 1930च्या दशकातच सापडलं होतं. नंतर संगीतवाल्यांना ते पुन्हा शोधावं लागलं.

होमर डडली हे अमेरिकेतल्या बेल लॅबमधले इंजिनिअर. त्यांना गाणं करायचं नव्हतं, टेलिफोनच्या तारेतली जागा वाचवायची होती. त्यांचा विचार साधा होता. बोलताना कंठातून एक गुणगुण निघते आणि जीभ, ओठ, जबडा तिला आकार देतात. हा आकार संथ बदलतो. सेकंदाला मोजक्याच वेळा. मग सगळा ध्वनी कशाला पाठवायचा? आवाजाचे दहा पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यात किती जोर आहे तेवढंच पाठवायचं आणि पलीकडे एका कृत्रिम ध्वनीला तोच आकार द्यायचा. ज्या पट्ट्यांत जोर जास्त, तिथे स्वराचे फॉर्मंट असतात. 'आ' आणि 'ई' यांतला फरक म्हणजे मुख्यतः या फॉर्मंटच्या जागांचा फरक.

पण पलीकडचा कृत्रिम ध्वनी एकच ठेवून चालत नाही, हे डडलींना ठाऊक होतं. आपल्या व्याकरणात घोष आणि अघोष असा भेद आहे ना, तोच इथे येतो. 'ग' म्हणताना कंठ थरथरतो, 'स' म्हणताना नुसती हवा घासते. म्हणून डडलींच्या यंत्रात दोन उगम होते: घोष ध्वनींसाठी बझ, म्हणजे गुणगुण, आणि अघोष ध्वनींसाठी हिस, म्हणजे फुसफुस. बोलणं कोणत्या क्षणी कोणत्या प्रकारचं आहे हे ओळखून यंत्र उगम बदलत असे.

1939च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात बेलनं व्होडर दाखवला, तेव्हा हेच काम माणसाच्या हातात होतं. चालवणाऱ्या मुली दहा बोटांनी दहा पट्टे वाजवत, पायानं स्वराची उंची बदलत आणि मनगटाखालच्या दांडीनं बझचा हिस करत. शिवाय प, त, क यांसारख्या स्पर्श व्यंजनांसाठी वेगळ्या कळा होत्या. नीट बोलता यायला त्यांना साधारण वर्षभर सराव करावा लागे. म्हणजे बघा, व्यंजनांसाठी खास यंत्रणा राखून ठेवलेली होती.

युद्धात हीच कल्पना सिगसॅली या गुप्त टेलिफोनमध्ये गेली. जुलै 1943मध्ये वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यात तो सुरू झाला. तिथेही आवाजाचे दहा पट्टे होते आणि शिवाय स्वराच्या उंचीची माहिती वेगळी जात होती. बोलणारा कोण हे ओळखणं कठीण जाई, पण शब्द पोचत. सेनापतींना तेवढं पुरेसं होतं.

आता संगीताकडे येऊ. 1970च्या सुमारास वेंडी कार्लोस यांनी रॉबर्ट मूग यांच्या मदतीनं संगीतासाठी व्होकोडर उभा केला. रेचल एल्काइंड यांच्या आवाजावरून त्यांनी बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतला गायनाचा भाग सिंथेसायझरकडून गाऊन घेतला. 1971च्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' चित्रपटात तो आहे. 1974मध्ये क्राफ्टवेर्कनं 'ऑटोबान' केलं. इथे एक गोष्ट सहज सुटते. सिंफनीचे शब्द अनेकांना आधीच माहीत होते आणि 'ऑटोबान'मध्ये तेच शब्द पुन्हापुन्हा येतात. कान शब्द ओळखत होता, नव्यानं ऐकत नव्हता. नवीन कवितेची ओळ त्याच यंत्रातून घातली की फसगत व्हायची.

ती का होते ते 'शाळा' या एका शब्दावर पाहू. संगीतात कृत्रिम ध्वनीच्या जागी आपण सिंथचा सूर देतो. 'आ' आला की सुराला 'आ'चा आकार मिळतो, छान वाटतं. पण 'श'ची ताकद मुख्यतः 2000 हर्ट्झच्या वर असते आणि ती फुसफुस असते. सिंथच्या सुरात वर तेवढं द्रव्य नसतं. असलं तरी ते सूर असतं, फुसफुस नव्हे. त्यामुळे 'शाळा'चं 'आळा' होतं, 'साप'चा 'आप' होतो. मनगटाखालची दांडी काढून टाकल्याचा हा परिणाम आहे.

उपाय दोन निघाले, दोन्ही जुनेच. पहिला, अघोष क्षण ओळखून सुराऐवजी नॉइज देणं. 1976च्या ईएमएस व्होकोडरमध्ये 22 पट्ट्यांबरोबर अशी घोष-अघोष ओळखही होती. दुसरा उपाय अधिक सरळ: मूळ आवाजातला वरचा भाग व्होकोडरमध्ये न घालता तसाच बाहेर सोडणं. हाराल्ड बोडे यांनी आपल्या व्होकोडरमध्ये हे केलं. आज संगणकावर करायचं तर मूळ आवाजाची प्रत घ्या, सुमारे 4000 हर्ट्झच्या खालचं कापा आणि ती हळू मिसळा. ती बंद केल्यावर 'स' नाहीसा झाला पाहिजे आणि चालू असताना वेगळा माणूस ऐकू येता कामा नये. 'श' अजून बुजत असेल तर कापण्याची रेघ थोडी खाली आणा.

व्यंजन वाचलं, तरी स्वर हरवू शकतो. 'ई'चा पहिला फॉर्मंट साधारण 300 हर्ट्झजवळ असतो. सिंथवर 110 हर्ट्झचा सूर धरला तर 220, 330, 440 असे त्याचे अंश तिथे हजर असतात आणि आकार दिसतो. 500 हर्ट्झचा सूर धरला तर 300च्या आसपास काहीच नसतं. मग 'ई' आणि 'ए' एकसारखे वाटू लागतात. म्हणून शब्द महत्त्वाचा असलेल्या ओळीत सुरांच्या गठ्ठ्यात एक खालचा, भरगच्च सूर ठेवावा. बासरीसारखा शुद्ध सूर इथे उपयोगाचा नाही.

तिसरी गफलत काळाची. 'पाटी'मधल्या 'ट'पूर्वी क्षणभर शांतता असते, सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी. पट्ट्यांचा जोर सावकाश उतरत असेल तर आधीचा 'आ' त्या फटीत ओघळतो आणि 'ट' मऊ होतो. ऐकायला गोड, पण शब्द गेला.

हार्मोनायझरची गोष्टही याच धाग्यातली. 1975च्या सुमारास इव्हेंटाइडचा एच 910 बाजारात आला आणि गायकाच्या आवाजाचे वरचे-खालचे सूर लगेच मिळू लागले. पण त्यात स्वराच्या उंचीबरोबर फॉर्मंटही सरकत, म्हणून वरचा सूर बाहुलीसारखा आणि खालचा राक्षसासारखा वाटे. पुढे फॉर्मंट जागेवर ठेवून उंची बदलण्याच्या पद्धती आल्या आणि मग उलटंही करता येऊ लागलं: उंची तीच, फॉर्मंट तेवढे हलवायचे. पुरुष आणि स्त्रीच्या फॉर्मंटमध्ये सरासरी फरक साधारण 15 ते 20 टक्क्यांचा असतो. तेवढ्या सरकण्यात कान नवा माणूस कल्पितो आणि शब्द समजतो. फार पुढे गेलं की स्वर एकमेकांच्या जागी जाऊ लागतात.

चार सुरांचा हार्मोनायझर लावला की चार 'स' किंचित मागेपुढे येतात आणि शब्दाच्या कडा फाटतात. समूहगायनात काही जणांनाच 'स' म्हणायला सांगतात, तसंच इथे करावं. मुख्य आवाजानं व्यंजनं सांभाळावी, बाकीच्यांची वरची फुसफुस कापून त्यांच्याकडे फक्त स्वर ठेवावेत.

परीक्षा मात्र आपल्या कानांवर सोडू नये. ओळ आपल्याला पाठ असते, त्यामुळे आपल्याला ती नेहमीच कळते. ज्यानं ती कधी ऐकलेली नाही अशा माणसाला एकदाच ऐकवावी आणि कागदावर लिहायला सांगावी. त्यानं 'आळा' लिहिलं, तर मनगटाखालची ती दांडी कुठे हरवली ते शोधायला लागायचं.