रात्रपाळी की दिवसाचे काम? मधुमेह असताना निवड

ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी शरीरातील इन्सुलिन वाढवते. सकाळच्या गोळीचा परिणाम रात्रीपर्यंत टिकतो. त्यामुळे जेवण चुकले किंवा श्रम वाढले, की साखर कमी होऊ शकते.

समजा, परभणी तालुक्यातील 52 वर्षांचे शेतकरी ही गोळी घेतात. शेतीपंपाची वीज रात्री असली, की ते संध्याकाळी घाईत अर्धी भाकरी खाऊन पिकाला पाणी द्यायला जातात. पहाटे घाम सुटतो, हातपाय थरथरतात, काही सुचत नाही. सोबतीला कोणी नसते. हा थकवा नसून साखर उतरल्याचे लक्षण असू शकते.

आता त्यांच्यासमोर शहरातली दोन कामे आहेत: दर आठवड्याला पाळी बदलणारी रखवालदारी किंवा दुकानातले दिवसाचे काम. पगार थोडा कमी असला, तरी दुसरे काम बरे; जेवण आणि गोळीची वेळ रोज तीच राहते. पंचविशीत, ही गोळी नसताना, बदलती पाळी झेपली असती. रात्रपाळी टाळता येत नसेल, तर पाळी कायम एकच असावी आणि गोळीची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. स्वतः बदलू नये.

खिशात साखर ठेवा. साखर 70 च्या खाली गेली किंवा वरील लक्षणे दिसली, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा आणि मग जेवा. या गोळीमुळे साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. रुग्ण बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता 108 वर फोन करा.