‘तसेच’ची गोष्ट

परवा घरच्या स्नेहसंमेलनासाठी पानशेतच्या पुरावर दोन पानी लेख लिहिला. आमचा नारायण पेठेतला वाडा त्या पुरात गेला, तेव्हा विषय घरचाच. जरा भारदस्त, छापील वाटावा म्हणून जीव ओतून लिहिला आणि मोठ्या ऐटीत आत्याला वाचायला दिला. आत्या त्या वेळी नऊ वर्षांची होती. तिने लेख दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "सगळं आलंय रे. पण आपल्या वाड्यात पाणी का आलं, ते काही यातून कळत नाही."

आली का पंचाईत!

शेवटी कागद काकांकडे गेले. काका निवृत्तीनंतर भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकले आणि तेव्हापासून घरातल्या वाणसामानाच्या याद्यासुद्धा संशयाने वाचतात. त्यांनी लाल पेन घेतलं आणि दुसऱ्या परिच्छेदातले फक्त जोडशब्द गोल केले. तो परिच्छेद लाज बाजूला ठेवून जसाच्या तसा देतो:

"१९६१ साली पुण्यात मोठा पूर आला. तसेच पानशेत धरण फुटले. त्याचप्रमाणे खडकवासला धरणही फुटले. त्यामुळे शहरात पाणी शिरले. याशिवाय लकडी पूल पाण्याखाली गेला. परिणामी लोकांना नळाचे पाणी मिळेनासे झाले. थोडक्यात, शहराचे अतोनात नुकसान झाले."

सात वाक्यं, सहा गोल. काका म्हणाले, "आता दुसरं आणि तिसरं वाक्य उलटं करून वाच." वाचलं. खडकवासला फुटले, त्याचप्रमाणे पानशेतही फुटले. कानाला काहीच खटकलं नाही. "खटकायला हवं होतं," काका म्हणाले. "पानशेत वर आहे, खडकवासला खाली. तुझ्या लेखात नदी उलटी वाहिली तरी चालतंय."

मग त्यांनी पेशव्यांच्या काळातल्या पत्रांचा विषय काढला. (काकांचं कुठलंही बोलणं तिथूनच जातं, त्याला इलाज नाही.) मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, परिच्छेद तर नाहीच. अशा सलग ओळींत एक मुद्दा संपून दुसरा सुरू झाला हे वाचणाऱ्याला कळायचं कसं? तर ठरलेल्या शब्दांवरून. क्षेमकुशल संपलं की ‘विशेष’, नवा मुद्दा आला की ‘त्यास’, कारण सांगायचं तर ‘सबब’, आटोपतं घ्यायचं तर ‘बहुत काय लिहिणे’. ते शब्द त्या काळचे पूर्णविराम होते, त्यांच्यावाचून पत्र वाचताच आलं नसतं.

पुढे छापखाना आला. इंग्रजी विरामचिन्हं मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर कँडींकडे जातं, आणि त्यांचंही बरंचसं आयुष्य पुण्यातच गेलं. कागदावर टिंब आलं, नव्या परिच्छेदाची मोकळी जागा आली. मुद्दा बदलल्याची खूण आता डोळ्यांना आपोआप दिसू लागली आणि जोडशब्दांचं जुनं काम संपलं. पण सवय राहिली. शाळेतल्या निबंधात आपण ‘तसेच’ लिहितो ते बहुतेक त्या ‘त्यास’चं भूत असावं. हे मत माझं, काकांच्या माथी मारू नका.

टिंबाने ‘इथे थांब’ एवढंच सांगितलं. ‘पुढे का जायचं’ हे सांगायचं काम वाक्यांवरच पडलं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली पुण्यात ‘निबंधमाला’ काढली तेव्हा हा प्रश्न रोजचा झाला. मासिक सात वर्षं चाललं, ८४ अंक निघाले आणि बरेच निबंध एकाहून अधिक अंकांत पसरलेले. वाचकाला महिनाभराने पुन्हा धागा सापडायला हवा, आणि तो ‘तसेच’ने काही सापडत नाही. जॉन्सन, मेकॉले ही शास्त्रीबुवांच्या वाचनातली माणसं, त्यामुळे एक विधान करून त्यालाच धरून वाद लढवत नेण्याची रीत त्यांच्या हाताला बसली होती. (त्यांची वाक्यं लांबलचक असतात, हे मात्र खरं.) योगायोग असा की त्याच सुमारास, १८६६ मध्ये, स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनच्या अलेक्झांडर बेन यांचं इंग्रजी लेखनावरचं पुस्तक आलं होतं. त्यात परिच्छेदाचे नियम आहेत. पहिल्या वाक्याने विषय दाखवावा आणि प्रत्येक वाक्याचं आधीच्याशी नातं उघड असावं, हे त्यांतले दोन.

असो. पुस्तकी बोलणं झालं, परिच्छेद तसाच पडला होता. काकांनी एवढंच विचारलं, "एका वाक्यात सांग, या परिच्छेदाचं म्हणणं काय?" मी म्हणालो, पूर आला. "ते तर आत्यालाही माहीत आहे. म्हणणं काय?" दहा मिनिटं गेली. मग सुचलं: एका धरणाने दुसरं फोडलं. ते पहिलं वाक्य झालं, आणि पुढची वाक्यं त्याच्यामागे आपसूक येऊ लागली:

"१२ जुलै १९६१ रोजी पुणे बुडाले ते एका धरणाने दुसरे फोडल्यामुळे. आंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण त्या पावसाळ्यात अजून पुरे झालेले नव्हते. ते खचू लागले तेव्हा जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, पण सकाळी बांध फुटला. मोकळे झालेले ते पाणी खाली मुठेवरच्या खडकवासल्याच्या तलावात शिरले. तो लोंढा एकोणिसाव्या शतकातल्या दगडी बांधाला पेलला नाही आणि त्याच दिवशी तोही फुटला. आता पुण्यापर्यंत पाण्याला अडवणारे काही उरले नव्हते."

यात ‘तसेच’ नाही, ‘परिणामी’ नाही. मग सांधे कशाचे? एका वाक्याच्या शेवटी जे आलं ते पुढच्याच्या सुरुवातीला आलंय: बांध फुटला, मोकळं झालेलं ते पाणी; तलावात शिरलं, तो लोंढा. मराठीत हे सोपं जातं, कारण माहीत असलेली गोष्ट आपण वाक्याच्या तोंडाशी ठेवतो आणि नवी क्रियापदाजवळ. फक्त नुसतं ‘ते’ किंवा ‘तो’ म्हणून भागत नाही, बरोबर नाम लागतं. नुसतं ‘तो पेलला नाही’ लिहिलं असतं तर कोण कोणाला, हे कळलं नसतं. आता वाक्यं उलटी करून बघा, लगेच अडखळाल.

‘पण’ मात्र मी ठेवला, आणि काकांनीही गोल केला नाही. रात्रभर पोती रचली म्हटल्यावर धरण वाचलं असेल असं वाटतं, तिथे तो वळण दाखवतो. तो काढला तर जवानांचे कष्ट आणि फुटलेला बांध नुसते शेजारी शेजारी पडतात.

नळाच्या पाण्याचं प्रकरण मी आधी लकडी पुलाला चिकटवलं होतं. ‘परिणामी’ लिहिलं की कारण दिल्यासारखं वाटतं, म्हणून ते कुणी शोधलंच नाही. ते आता दुसऱ्या परिच्छेदात गेलं, आणि त्याचं पहिलं वाक्य पहिल्या परिच्छेदातल्या बांधालाच धरून आहे: "फुटलेला तो बांध शहराचा पाण्याचा साठाही होता, म्हणून बुडालेल्या पुण्यात नळ कोरडे पडले." इथे ‘म्हणून’ शोभतो, कारण त्याच्या आधी खरंच कारण आहे.

वाड्याचा शेवटचा भाग मात्र मी काकांचं न ऐकता तसाच ठेवला. तिथे आत्याच्या तोंडची हकिकत आहे. पाणी आलं, मग जिना, मग माळा, मग शेजाऱ्यांची गच्ची. तिथे घड्याळच वाक्यं पुढे नेतं, मुद्द्याचं वाक्य वर बसवलं असतं तर ती हकिकत सरकारी अहवाल झाली असती. काकांनी त्या ‘मग’वर पेन नेलं, जरा थांबले आणि टोपण लावून टाकलं.

आत्याने नवा लेख परवा रात्री वाचला. पहिल्या परिच्छेदाशी थांबून म्हणाली, "म्हणजे पानशेतचं पाणी खडकवासल्यात आलं, आणि मग आपल्याकडे? इतकी वर्षं मला वाटत होतं, दोन्ही पावसानेच फुटली."