इथेनॉलची बस आणि बाबांची स्कूटर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे बोललो तेच आहे, फक्त 'म्हणजे', 'म्हणजे' थोडं कमी केलंय.

गोष्ट सुरू होते ऑगस्ट २०१४ मध्ये, आपल्या नागपुरात. त्या महिन्यात शहराच्या रस्त्यावर एक हिरवी बस आली. स्कॅनिया कंपनीची. ती डिझेलवर नाही, इथेनॉलवर चालायची. देशातली अशी पहिलीच बस म्हणून तिचं उद्घाटन नितीन गडकरींनी केलं. आज आपण पंपावर जे ई-२० भरतो, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, त्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट.

या बसच्या पोटात काय होतं ते पाहिलं, की आजचा अर्धा वाद सुटतो. इंजिन डिझेलच्या पद्धतीचं. त्यात ठिणगी देणारा प्लग नसतो, हवा इतकी दाबतात की तापून इंधन आपोआप पेटतं. पण इथेनॉलचा स्वभाव नेमका उलटा. ते दाबाने सहजासहजी पेटत नाही. यालाच म्हणतात ऑक्टेन जास्त असणं. म्हणून त्या इंजिनात हवा २८ पट दाबली जायची, साध्या डिझेल इंजिनापेक्षा कितीतरी जास्त. वर इंधनात पेट घ्यायला मदत करणारं आणि गंज रोखणारं द्रव्य घातलेलं असायचं. म्हणजे इंधनासाठी इंजिन बनवलं होतं आणि इंजिनासाठी इंधन.

आता आमच्या घरची गोष्ट. बाबांची स्कूटर २००९ ची, कार्बुरेटरवाली. तिच्यासाठी कोणी काही बनवलं नाही. ती तीच राहिली, इंधन बदलत गेलं.

ते कसं बदललं? भारतात पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळायचा विचार नवा नाही. १९४८ साली त्यासाठी 'इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट' नावाचा कायदा झाला होता. गंमत बघा, २००० साली तो रद्द झाला आणि लगेच २००१ मध्ये प्रयोग सुरू झाले. त्यातले दोन आपल्या महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाडला. २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण आलं. मग उसाचं उत्पादन घटलं, मळी मिळेना, योजना मागे पडली, पुन्हा उभी राहिली. दहा टक्के गाठायला २०२२ चा जून उजाडला. पण दहावरून वीस टक्के व्हायला जेमतेम तीन वर्षं लागली. स्कूटर मात्र त्या वेगाने बदलत नाहीत.

गेल्या वर्षी बाबांची तक्रार सुरू झाली. "सकाळी चोक ओढूनही लवकर लागत नाही, अ‍ॅक्सिलरेटर दिला की अडखळते, सायलेन्सरमध्ये फटफट होते. आणि मायलेज पंचेचाळीसवरून पस्तीसवर आलं!" त्यांच्या मते सगळा दोष पेट्रोलचा. आधी आम्ही ऐकीव सल्ल्याने महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून पाहिलं. काही फरक नाही. पडणारही नव्हता. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. ऑक्टेन सांगतं की इंधन दाबाखाली वेळेआधी पेटणार नाही, म्हणजे इंजिन 'नॉक' करणार नाही. ज्या इंजिनात दाब कमी आणि ठिणगीची वेळ ठरलेली, त्याला या गुणाचा उपयोगच नाही. हिरव्या बसने हा गुण २८ पट दाबाने कामाला लावला होता. बाबांच्या स्कूटरजवळ तसं काहीच नाही.

मग मायलेजचा हिशोब करू. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्के मिसळलं तर लिटरमागे ऊर्जा जवळपास सात टक्के कमी होते. दहा टक्क्यांवरून वीसवर गेलो तर घट साडेतीन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पंचेचाळीसचे साडेत्रेचाळीस होतील. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या दुचाकींसाठी तीन ते चार टक्के घटीचा अंदाज आहे. पंचेचाळीसचे पस्तीस मात्र निव्वळ इथेनॉलने होत नाहीत. एवढी घट दिसली की गाडीत दुसरंही काहीतरी बिघडलंय असं धरायचं.

ते काय, हे आमच्या मेकॅनिकने दाखवलं. प्लग काढला, तर टोक पांढरं पडलेलं. तो म्हणाला, "काकाजी, नुसता कार्बुरेटर धुऊन नाही चालत, जेट पाहा लागते." पांढरा प्लग म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. कारण सोपं आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं, ई-२० ला सात-आठ टक्के जास्त. इंजेक्शनच्या नव्या गाडीत सेन्सर हे ओळखतो आणि इंधन वाढवतो. कार्बुरेटरला डोळे नाहीत. जेटचं भोक जेवढं, तेवढंच पेट्रोल जाणार. भोक ०.९० मिलिमीटरचं असेल तर ०.९३ च्या आसपासचं लागेल, इतका बारीक फरक. पण तो नसला की इंजिन तापतं, अडखळतं. झडप आणि पिस्टनची झीज होते ती मुख्यतः या तापण्याने.

दुसरी गोष्ट फ्लोट चेंबर उघडल्यावर दिसली. तळाशी पांढरी भुकटी, आणि सुईच्या टोकाचं रबर फुगलेलं. जुन्या रबराला इथेनॉल फुगवतं. सुई नीट बसत नाही, पेट्रोल ओसंडतं, आणि मायलेज खरं तिथे वाहून जातं. भुकटी येते ती पाण्यामुळे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. प्रमाण फार वाढलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर करतात, आणि जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या भागांना गंज धरतो. बाबांची स्कूटर अख्खा पावसाळा अर्ध्या टाकीवर उभी होती. अर्धी टाकी म्हणजे अर्धी टाकी दमट हवा!

दुरुस्तीत सुई, ओ-रिंग, पेट्रोलची नळी आणि एक नंबर मोठा जेट, एवढंच बदललं. आता गाडी बेचाळीस-त्रेचाळीस देते. पंचेचाळीस नाही, आणि येणारही नाही. तो फरक इंधनातच आहे.

सरकारनेही ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की काही जुन्या गाड्यांमध्ये वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. ई-२० सोबत बिनाइथेनॉल पेट्रोलचाही पर्याय ठेवा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी १ सप्टेंबरला फेटाळली. त्यामुळे कार्बुरेटरवाल्यांना जेट आणि रबर पाहणं आलंच.

म्हणून जुनी गाडी असेल तर तीन गोष्टी करा. महिनाभर उभी ठेवणार असाल तर फ्लोट चेंबरचा स्क्रू सोडून पेट्रोल काढून टाका. प्लगचा रंग बघत जा, फिका तपकिरी हवा. आणि मायलेज दहा टक्क्यांहून जास्त पडलं तर पंपाला शिव्या देण्याआधी सुई आणि नळी तपासा. बाबा अजून शिव्या देतात, पण आता त्रेचाळीसच्या हिशोबाने.

भेटू पुढच्या भागात!