खुनी कोण, ते सांगू नोको

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात रहस्यकथांचं एक कपाट होतं. बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं त्यात वरच्या दोन फळ्यांवर असायची. झुंजार, धनंजय, काळा पहाड, सगळे तिथे भेटायचे. सातवीत असताना मी एक पुस्तक घरी आणलं, कंदील जवळ ओढला आणि पहिलं पान उघडलं. मजकुराच्या वर कुणीतरी पेन्सिलीने एक नाव आणि त्यापुढे ‘हाच’ असं लिहून ठेवलं होतं. मी खोडरबराने नाव पुसलं, पण डोक्यातून ते पुसलं गेलं नाही. ते पुस्तक मी शेवटपर्यंत वाचलं, पण त्यातला एकही पुरावा मला स्वतःला सापडला नाही. सगळे आधीच सापडलेले होते.

एकच गुन्हा, बंद घरातली आठ-दहा माणसं, महिनोन् महिने चालणारा शोध आणि अगदी शेवटी उघड होणारं नाव, या घडणीच्या मालिका आता आपल्याला सवयीच्या झाल्या आहेत. त्यांचं कूळ शोधायला गेलं की दोन गोष्टी जोडीनेच सापडतात: हप्त्याहप्त्याने सांगितलेली गोष्ट, आणि पुढचं माहीत असलेल्याने तोंड बंद ठेवायचं हा शिरस्ता. तो शिरस्ता बाहेरून आलेला नाही. या घडणीची पहिली मोठी गोष्ट ज्याने लिहिली, त्याने तो कथेतच गोवून ठेवला होता.

ती गोष्ट म्हणजे विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’. 4 जानेवारी 1868 ते 8 ऑगस्ट 1868 असे 32 आठवडे ती चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात येत होती. चोरीला गेलेला हिरा आपल्याच देशातला, 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा लुटून नेलेला. इंग्लंडमधल्या एका घरातून तो एका रात्रीत नाहीसा होतो आणि घरातली सगळी माणसं संशयाखाली येतात. गोष्ट एकजण सांगत नाही. घरचा म्हातारा कारभारी बेटरेज, मग नात्यातली मिस क्लॅक, मग वकील, असे एकामागून एक जण आपापला भाग लिहितात, आणि हे सगळं घडून गेल्यावर लिहिलं जातं. म्हणजे लिहिणाऱ्यांना शेवट ठाऊक असतो. म्हणून त्यांना अट घातलेली आहे: त्या दिवशी तुला जेवढं माहीत होतं तेवढंच लिही, पुढे काय कळलं ते मध्ये आणू नको. मिस क्लॅकला पुढचं सांगायची अनावर इच्छा होते, तर तिला पत्राने अडवलं जातं.

मला ही अट फार मोलाची वाटते. आजही चालू मालिकेची टिपणं ठेवायची असतील तर याहून चांगला नियम नाही. ज्या तारखेचं पान, त्या तारखेपर्यंतचंच ज्ञान. मग ती वही कुणाच्याही हाती द्या. तो जिथपर्यंत पाहून झाला असेल तिथपर्यंतची पानं वाचेल आणि त्याचं काही बिघडणार नाही.

टिपण कसं करायचं तेही याच कादंबरीतल्या एका डागावरून दाखवता येईल. हा प्रसंग बराच आधी येतो, त्यामुळे सांगितल्याने कुणाचा शेवट जाणार नाही. हिरा ज्या खोलीतून गेला तिच्या नव्याने रंगवलेल्या दारावर, कुलपाखाली, एक छोटासा फराटा आहे. पहिला पोलीस अधिकारी म्हणतो, नोकराण्यांच्या घागऱ्यांनी पुसला गेला असेल, आणि पुढे जातो. मग लंडनहून सार्जंट कफ येतो आणि तीन गोष्टी विचारून घेतो. रंग त्या जागी कधी लावला? बुधवारी दुपारी तीनला. हा रंग वाळायला किती वेळ लागतो? बारा तास. दार धड असताना शेवटचं कुणी पाहिलं? कारभाऱ्याच्या मुलीने, मध्यरात्री. म्हणजे फराटा मध्यरात्रीनंतर आणि पहाटे तीनच्या आत पडला. नोकराण्या सकाळी अकराला जमल्या होत्या, तोवर रंग वाळून खडखडीत झाला होता. आता शोधायचं ते एवढंच, की रंग लागलेलं कापड कुणाचं.

या तीन उत्तरांत चोराचं नाव कुठेच नाही. पण वेळ तीन तासांवर आली आणि शोधायची वस्तू ठरली. दुवा म्हणतात तो असा असतो. तो माणसाकडे बोट दाखवत नाही, शक्यता कमी करतो. माणसाकडे थेट बोट दाखवतो तो बहुतेक वेळा चकवा. आपल्याकडे रात्री शिवारातून येताना चकवा लागतो म्हणतात, माणूस त्याच बांधाभोवती फिरत राहतो. रहस्यकथेतल्या खोट्या वाटेला यापेक्षा नेमका शब्द मला माहीत नाही.

मराठीत हप्त्याने वाचायची गोडी हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’ने लावली. ते साप्ताहिक 1890 मध्ये निघालं आणि त्यांच्या कादंबऱ्या त्यातून क्रमशः येत गेल्या. पण अर्नाळकर आणि नंतरचे रहस्यकथाकार अख्ख्या पुस्तकाचे लेखक होते. एका बैठकीत संपणारं पुस्तक, दुसऱ्या दिवशी परत करून नवं. आठवडाभर थांबून संशय मुरवण्याची सवय आली ती दूरदर्शनमुळे. दूरदर्शनवरची पहिली मराठी मालिका, 1983 ची ‘श्वेतांबरा’, रहस्याचीच होती, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

थांबवून ठेवणं सोपं नसतं, हे बाहेरच्यांनाही कळलं. अमेरिकेत 1990 मध्ये ‘ट्विन पीक्स’ एका मुलीच्या खुनाभोवती सुरू झाली. वाहिनीच्या दबावाखाली दुसऱ्या पर्वाच्या मध्याआधीच खुनी दाखवावा लागला आणि मग प्रेक्षक ओसरले. डेन्मार्कच्या 2007 च्या ‘फोरब्रिडेल्सन’मध्ये एका खुनाचा तपास 20 भाग चालतो, एक भाग म्हणजे एक दिवस, आणि चित्रीकरण चालू असताना नटांनाही खुनी कोण ते सांगितलेलं नव्हतं. संशयिताचं काम करणाऱ्यालाच खात्री नसली की चेहरा कसा दिसतो, ते तिथे पाहावं.

आमच्या घरी ही सगळी घडण आली ती ‘रात्रीस खेळ चाले’तून. 22 फेब्रुवारी 2016 ला, सोमवारी, झी मराठीवर ती सुरू झाली. कोकणातलं नाईकांचं घर, अण्णा गेले म्हणून जमलेली मुलं-सुना, आणि मग रात्री-अपरात्री घडू लागलेल्या गोष्टी. 22 ऑक्टोबरला ती संपली. मोजले तर 35 आठवडे, कॉलिन्सच्या 32 च्या अगदी शेजारी. पण तो आठवड्याला एक हप्ता देत होता, इथे दोनशेहून अधिक भाग झाले. अडचणीचं मूळ त्या आकड्यात आहे. रोजचा भाग कुठल्यातरी धक्क्यावर संपवायचा तर रोज कुणावर तरी संशय टाकावा लागतो, आणि घरात माणसं मोजकी. मग एकाच माणसावर पाच-सहा वेळा कॅमेरा थांबतो.

मालिकेतल्या मालवणीमुळे आमच्याकडे अडेल असं वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात नाईकांच्या घरातला पांडू ‘इसारलंय’ म्हणाला आणि मी आजीला अर्थ सांगायला वळले. ती म्हणाली, “अवं, इसरलो म्हनते थो. त्यात काय समजाचं रायलं?” आम्ही विहिरीला इहीर आणि विस्तवाला इस्तो म्हणणारी माणसं, तिला पांडू पहिल्या दिवसापासून आपलाच वाटला. आणि हा विसरणारा पांडू लेखकाच्या किती कामाचा होता ते मला मालिकेच्या टिपणांची वही लिहिताना कळलं. घरात सगळीकडे वावरणारा, सगळं पाहणारा, आणि विचारलं की न आठवणारा साक्षीदार. दुवा डोळ्यांपुढे असतो, पण कुलपात.

वही शाळेची, दोनशे पानी. पानाला तारीख, आणि खाली तीन रकाने. पहिला, आपण पडद्यावर पाहिलेलं. दुसरा, कुणीतरी सांगितलेलं, सांगणाऱ्याच्या नावासकट. तिसरा, रात्रीचं, म्हणजे जे भुताचंही असू शकेल आणि माणसाचंही. संशयितांची यादी मागच्या पानावर. शेवटच्या दृश्यात ज्याच्यावर कॅमेरा थांबला त्याच्या नावापुढे मी ठिपका द्यायचे. दोन महिन्यांत लक्षात आलं की ठिपके मोजून काही निघत नाही. ज्याच्या नावापुढे सर्वांत जास्त ठिपके, त्याला लेखक वापरून घेतोय. त्यापेक्षा दुसरा रकाना बोलका होता. एखाद्या रात्री अमुक माणूस झोपला होता, हे आपण पाहिलं की त्यानेच सांगितलं? त्याच्याखेरीज कुणी दुजोरा दिला का? नसेल तर त्या नावाखाली रेघ. अशा रेघा पाचच नावांखाली उरल्या, आणि शेवटी उघड झालेलं नाव त्या पाचांत होतं. ते मी इथे लिहिणार नाही. मालिका अजूनही पाहता येते आणि नव्याने पाहायला बसणारे बसतात.

तिसऱ्या रकान्याने मात्र मला दगा दिला. पोलिसी उलगडा झाला, गुन्हेगार हाडामांसाचा निघाला, पण रात्रीच्या रकान्यातल्या कितीतरी ओळींपुढे उत्तर लिहायला काही मिळालं नाही. ज्या गोष्टी आपल्याला पडद्यावर दाखवल्या, त्यांचा हिशेब रहस्यकथाकाराने द्यायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. दारावरचा फराटा दाखवलात तर कापड सापडलं पाहिजे. दैनंदिन मालिकेत हे सुटतं, कारण पहिले भाग दिसत असतात तेव्हा शेवटचे लिहून झालेले नसतात. कॉलिन्सही हप्त्यांच्या घाईत, आजारपणात लिहीत होता, पण फराट्याचं उत्तर त्याच्याकडे पहिल्यापासून तयार होतं.

2019 मध्ये दुसरं पर्व आलं ते मागच्या काळात गेलेलं, अण्णा जिवंत असतानाचं. सगळ्यांना त्यांचा शेवट माहीत, त्यामुळे वहीची गरज उरली नाही. आजी तेही आवडीने पाहायची.

पण मला आठवते ती 2016 ची शेवटची रात्र. शेतात सोयाबीन काढून झालेलं, कापसाची वेचणी सुरू. साडेदहाला सगळे टीव्हीपुढे बसलो. हिंगणघाटची आत्या मळणीच्या कामात मागचे पंधरा दिवस काही पाहू शकली नव्हती, ती दिवाळीला येऊन सगळे भाग सलग पाहणार होती. उलगडा झाल्या झाल्या तिचा फोन आला. आजीने उचलला, तर पलीकडून पहिलं वाक्य, “मायबाई, सांगू नोको बरं!” आजीने फोन माझ्याकडे दिला आणि पदराने तोंड दाबून बसली. दुसऱ्या दिवशी मी वहीची शेवटची बारा पानं दुमडली आणि आजीने आपल्या बांगडीतली सेफ्टी पिन काढून त्यांना लावली. आत्या आली, तिने दुमडीपर्यंत वाचलं, तिच्या संशयाची तीन नावं समासात लिहिली, आणि चार दिवस लागले तिला पिन काढायला.