सूक्ष्मजीव तुलनातक्ता

परावैद्यकीय अभ्यासक्रमातील सूक्ष्मजीवांच्या तुलनातक्त्यात आकार, रंजन म्हणजे काचपट्टीवरील जिवाणूंना रंग देण्याची क्रिया, रोग आणि उपचार असे स्तंभ असतात. त्यांपैकी रंजनाचा स्तंभ सर्वांत बारकाईने वाचावा लागतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा गोलाणू द्राक्षांच्या घोसासारख्या पुंजक्यांत आढळतो, ग्रॅम रंजनात जांभळा दिसतो आणि गळवे निर्माण करतो. क्षयाचा दंडाणू, मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस, मात्र ग्रॅम पद्धतीने नीट रंगत नाही, कारण त्याच्या पेशीभित्तिकेतील मेणचट मायकॉलिक आम्ले रंगाला सहज आत शिरू देत नाहीत. म्हणून झील-नील्सन पद्धतीत थुंकीच्या लेपावर कार्बोल फुक्सिन ओतून ते वाफ येईपर्यंत, पण उकळू न देता, तापवतात, आम्लाने इतर पेशींचा रंग काढतात आणि शेवटी मिथिलीन ब्लू देतात. त्यामुळे निळ्या पार्श्वभूमीवर लाल दंडाणू उठून दिसतात. लेप जाड झाल्यास रंग पुरता निघत नाही आणि क्षय नसतानाही तो असल्याचा भास होतो. उलट थुंकीत जिवाणू विरळ असल्यास रोग असूनही काचपट्टी स्वच्छ दिसते, हे तक्ता सांगत नाही. उपचाराच्या स्तंभात गळवासाठी मुख्यतः पुवाचा निचरा आणि गरजेनुसार क्लॉक्सासिलिन येते, मात्र मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या वाणावर ते निरुपयोगी ठरते. औषधांना दाद देणाऱ्या क्षयासाठी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल २ महिने दिल्यावर, भारतात पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन औषधे आणखी ४ महिने चालू ठेवतात.